मीम ‘मेलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात मी त्याला त्याच्या परीक्षेवरून एक मीम पाठवलं. तुम्हीही ते चित्र पाहिलेलं असणार: रस्त्यावरून मैत्रिणीबरोबर चाललेला एक तरुण मान वळवून दुसऱ्याच मुलीकडे बघतोय आणि मैत्रीण त्याच्याकडे संतापून पाहतेय. भाच्याचं उत्तर आलं, ‘मामा, हा फॉरमॅट मेलाय.’

मी विचारलं, ‘म्हणजे हसू आलं नाही का?’

‘हसू आलं. पण मेलाय. आमच्या क्लासचे सर स्लाइडवर टाकतात हा.’

त्याच्या या दोन ओळी बराच वेळ माझ्या डोक्यात राहिल्या. हसू येणं आणि मीम जिवंत असणं या गोष्टी त्याच्या लेखी वेगळ्या होत्या. आणि मीम मेलं हे ठरवताना त्याने ते कितीदा दिसतं हे मोजलं नव्हतं, ते कोण वापरतं एवढंच पाहिलं होतं. मीम शिळं होणं आणि मीम मरणं यांची आपण नेहमी गल्लत करतो, म्हणून आधी शिळं होण्याकडे पाहू.

त्यासाठी 2013 सालचं ‘हार्लेम शेक’ सगळ्यात सोयीचं. त्याचा जन्म, भर आणि शेवट असं सगळं दोनेक महिन्यांत उरकलं. व्हिडिओ तीस सेकंदांचा. पहिले पंधरा सेकंद एकच माणूस, बहुतेक वेळा हेल्मेट किंवा मुखवटा घातलेला, एकटाच नाचत असतो. आजूबाजूचे लोक आपापल्या कामात, कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग गाण्यात बेसचा दणका बसतो, दृश्य एकदम बदलतं आणि त्याच खोलीतले सगळेच्या सगळे, विचित्र कपड्यांत, हाताला लागेल ती वस्तू घेऊन बेभान हलायला लागतात. पंधरा सेकंदांत खेळ खलास.

गाणं होतं बाउअर नावाच्या अमेरिकी संगीतकाराचं, मे 2012 मध्ये आलेलं. जानेवारी 2013 च्या अखेरीस फिल्थी फ्रँक या नावाने यूट्यूबवर वावरणाऱ्या एका विनोदवीराने त्यावर काही क्षणांचा वेडगळ नाच टाकला. 2 फेब्रुवारीला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या काही पोरांनी त्याची नक्कल केली आणि वर सांगितलेला साचा पक्का झाला: आधी एकटा, मग दणका, मग सगळे. त्यानंतर आठवड्याभरात यूट्यूबवर असे नवे व्हिडिओ रोज सुमारे 4,000 च्या वेगाने येत होते. महिन्याच्या मध्यापर्यंत एकूण आकडा 40,000 च्या घरात आणि ते पाहिले गेले होते सुमारे 17.5 कोटी वेळा. (न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 1980 च्या दशकापासून नाचला जाणारा खरा हार्लेम शेक अगदी वेगळा आहे. तिथल्या लोकांनी तेव्हाच सांगितलं होतं की हा आमचा नाच नव्हे. त्यांचं म्हणणं रास्तच होतं.)

आता बघणाऱ्याच्या बाजूने विचार करा. पहिला व्हिडिओ पाहताना त्याला दोन धक्के बसतात. हा माणूस एकटाच का नाचतोय, हा पहिला. आणि एकदम सगळेच नाचायला लागले, हा दुसरा. दुसऱ्या व्हिडिओला पहिला धक्का संपलेला असतो, पण त्याची जागा एक वेगळीच मजा घेते: आता काय होणार हे मला माहीत आहे आणि मी त्या क्षणाची वाट बघतोय. ही वाट बघण्याची मजा फार मोलाची असते. किंबहुना मीम खऱ्या अर्थाने सुरू होतं ते इथूनच, कारण एकच व्हिडिओ असतो तेव्हा तो नुसता एक गमतीदार व्हिडिओ असतो. पण पाचव्या-सहाव्या व्हिडिओपर्यंत दणका कितव्या सेकंदाला बसणार हे पाठ झालेलं असतं आणि वाट बघण्यातही काही उरत नाही. मग शिल्लक काय? जागा आणि कपडे. आधी ऑफिस, मग पोहण्याचा तलाव, मग सैनिकांची तुकडी. प्रत्येक नवा व्हिडिओ एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: ‘आणि हे कुठे केलंय?’ हा प्रश्न वीस वेळा विचारून झाला की माणूस कंटाळतो, मग जागा कितीही अजब असो.

शिळेपणाचं मूळ इथे आहे. मीममध्ये दोन भाग असतात, एक कायम राहणारा साचा आणि दुसरी त्यातली भरायची रिकामी जागा. साचा ओळखीचा झाला की गंमत रिकाम्या जागेत जाते. रिकाम्या जागेत काय येणार हाही अंदाज बांधता यायला लागला की गंमत जायला जागाच उरत नाही. हार्लेम शेकमध्ये साचा जवळजवळ पूर्ण भरलेला होता, रिकामी जागा अगदी थोडी. म्हणून तो चटकन समजला, चटकन कुणालाही करता आला आणि तितक्याच चटकन संपला. झपाट्याने पसरण्याचं आणि झपाट्याने शिळं होण्याचं कारण एकच होतं.

याची दुसरी बाजू त्याच फेब्रुवारीच्या अखेरीस कैरोमध्ये दिसली. तिथे तरुणांनी तेव्हा इजिप्तमध्ये सत्तेत असलेल्या मुस्लिम ब्रदरहूड या संघटनेच्या मुख्यालयासमोर निषेध म्हणून हार्लेम शेक केला. साचा तोच, गाणं तेच. पण इथे ‘कुठे’ या प्रश्नाच्या उत्तरात धोका होता, अर्थ होता. बाकी जगात विटलेला साचा तिथे काही दिवस पुन्हा धारदार झाला, कारण रिकाम्या जागेत पहिल्यांदाच काही तरी वजनदार पडलं होतं.

आता वेगाबद्दल. मीम्स किती दिवस जगतात याचा अभ्यास झालेला आहे. जर्मन संशोधक ख्रिश्चन बाउकहागे यांनी 2011 मध्ये दीडशे मीम्सचे गूगल शोधांचे आलेख तपासले. बहुतेकांचा आकार सारखाच निघाला: चढण उभी आणि उतार लांबट. चढताना आलेख भिंतीसारखा, उतरताना घसरगुंडीसारखा. साथीच्या रोगाशी याचं नातं आहे. सुरुवातीला प्रत्येक जण मीम न पाहिलेला असतो, म्हणून एकाकडून अनेकांकडे ते वेगाने जातं. पण एकदा पाहून, वापरून, कंटाळून झालेला माणूस त्या मीमला ‘दाद’ देत नाही. त्याला जणू त्याची प्रतिकारशक्ती आलेली असते. अशी माणसं जमत गेली की पसरणं मंदावतं. लांबट उतार हा उशिरा पोहोचलेल्यांचा असतो.

दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 2019 मध्ये फिलिप लोरेन्झ-श्प्रीन आणि सून लेमान यांच्या गटाने ट्विटरवर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या 50 हॅशटॅगचा मागोवा घेतला. 2013 मध्ये एखादा हॅशटॅग त्या यादीत सरासरी 17.5 तास टिकायचा. 2016 पर्यंत हे 11.9 तासांवर आलं. आपण लगेच म्हणतो की लोकांचं लक्षच टिकत नाही. पण त्यांच्या मांडणीत कारण वेगळं आहे. शिखराची उंची फारशी बदललेली नव्हती. चढण आणि उतार, दोन्ही जास्त उभे झाले होते. म्हणजे तेवढंच लक्ष कमी वेळात वापरून संपत होतं. एखाद्या विषयावर तासाला दहा गोष्टी येण्याऐवजी शंभर यायला लागल्या, तर त्या विषयाचा चोथा व्हायला दहावा हिस्सा वेळ पुरतो. चावणारे वाढले, चावण्याचा वेग वाढला. ऊस तेवढाच आहे. हार्लेम शेकच्या बाबतीत हेच झालं. रोज 4,000 व्हिडिओ म्हणजे सगळ्या सुचण्यासारख्या जागा आणि सगळे सुचण्यासारखे कपडे दोन आठवड्यांत वापरून झाले.

इथे एक सावधगिरी हवी. मीम संपलं म्हणजे ते कच्चं होतं, असा अर्थ काढू नये. 2012 मध्ये वेंग, फ्लॅमिनी, व्हेस्पिन्यानी आणि मेंत्झर या संशोधकांनी संगणकावर एक कृत्रिम जग उभं केलं. त्यात सगळी मीम्स सारख्याच गुणवत्तेची होती, फरक असा काही ठेवलाच नव्हता. माणसांचं लक्ष मर्यादित आणि ओळखीपाळखीचं जाळं खऱ्यासारखं, एवढंच. तरीही थोडी मीम्स प्रचंड गाजली आणि बाकीची लगेच नाहीशी झाली, खऱ्या जगात होतं तसंच. म्हणजे टिकलेल्याच्या गुणांच्या कथा आपण नंतर रचतो, त्यातल्या पुष्कळशा निव्वळ योगायोगावरही उभ्या असू शकतात. तेव्हा मी साचा आणि रिकामी जागा यांच्याबद्दल जे सांगतोय, ते एकदा गाजलेलं मीम किती काळ चालतं यापुरतंच धरा. कुठलं गाजणार हे त्यातून सांगता येत नाही.

आता भाच्याला पाठवलेल्या चित्राकडे येऊ. तो फोटो अंतोनियो गियेम या स्पॅनिश छायाचित्रकाराने 2015 मध्ये स्पेनमधल्या जिरोना शहरात काढला, जाहिरातवाल्यांना विकायचा स्टॉक फोटो म्हणून. तो जगभर पसरला ऑगस्ट 2017 मध्ये. हार्लेम शेकच्या हिशेबाने तो त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत संपायला हवा होता. पण तो अजून दिसतो.

चित्र नीट पाहा. तीन माणसं, म्हणून तीन रिकाम्या जागा. तरुणावर लिहायचं: कोण. जाणाऱ्या मुलीवर: कशाकडे मन ओढलं जातंय. मैत्रिणीवर: खरं तर कशाला बांधील असायला हवं होतं. तरुण म्हणजे ‘मी’, जाणारी म्हणजे ‘नवी वेबमालिका’, मैत्रीण म्हणजे ‘उद्याचा पेपर’. झालं, एक पूर्ण वाक्य तयार. आणि हे वाक्य कुणाबद्दलही बोलता येतं: माणसाबद्दल, देशाबद्दल, मांजराबद्दल, एखाद्या ग्रहाबद्दल. शिवाय तिघांचे चेहरे त्या वाक्यात सूर भरतात. मैत्रिणीच्या चेहऱ्यावर नुसतं दुःख नाही, ‘हे काय चाललंय?’ असा धक्का आहे. तरुणाचे ओठ शीळ घातल्यासारखे झालेत. हे सगळं शब्दांत सांगायला दोन ओळी लागल्या असत्या. चित्रात ते एका नजरेत येतं.

तुलनेसाठी अमेरिकी सिनेटर बर्नी सँडर्सचं मीम आठवा. 20 जानेवारी 2021 ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत ते लोकरीचे हातमोजे घालून, पाय दुमडून खुर्चीत बसले होते. लोकांनी त्यांना कापून जगातल्या प्रत्येक चित्रात बसवलं. आठवडाभर धमाल चालली. पण चाल एकच होती, बसवायचं. कुठे, हीच एक रिकामी जागा. आठवड्याभराने सगळ्या खुर्च्या भरल्या.

तीन रिकाम्या जागा आणि त्यांच्यातलं नातं हे मात्र संपायला अवघड. 2017 च्या अखेरीस त्या तरुणाच्या चित्राची नवलाई गेली, हे खरं. ‘हे चित्र बघा, किती गमतीदार’ ही मजा संपली. पण चित्रातलं नातं, म्हणजे ‘जवळचं सोडून नव्याकडे वळणं’, हे बोलण्याची गरज कुणाला संपली नाही. ते चित्र घटना राहिलं नाही, शब्द झालं. भाषेत हे रोज होतं. ‘घोडं कुठे अडलं?’ असं आपण विचारतो तेव्हा घोडं डोळ्यांसमोर येत नाही; कुणे एके काळी आलं असेल, आता तो नुसता वाक्प्रचार आहे. वाक्प्रचाराला कुणी शिळा म्हणत नाही, कारण त्याच्याकडून कुणी नवलाईची अपेक्षाच करत नाही.

मग भाचा ते मेलं का म्हणतो?

कारण मीमचं आणखी एक काम असतं, आणि ते हसवण्यापेक्षा वेगळं आहे: ते ओळख पटवतं. नवं मीम चालतं तेव्हा ते समजणं म्हणजे ‘तू आमच्यातला आहेस’ अशी खूण असते. ते कुठे उगवलं, त्यावर आधी काय काय झालं, आत्ताचा पाठभेद मागच्या कुठल्या पाठभेदाची थट्टा करतोय, हे ज्याला कळतं तो आत. बाकीचे बाहेर. ही खूण तोवरच चालते जोवर बाहेरच्यांना ती येत नाही. बाहेरच्यांनी बरोबर वापरली तरी खूण म्हणून ती बाद होते. म्हणून क्लासच्या सरांनी स्लाइडवर टाकलेलं मीम चुकीचं नसतं, हसवतंही, पण त्याने आता काही वेगळं ओळखू येत नाही. 2018 मध्ये स्वीडनमधल्या एका इंटरनेट कंपनीने नोकरभरतीच्या जाहिरातीत हेच चित्र वापरलं आणि तिथल्या जाहिरात क्षेत्राच्या लोकपालाने ते स्त्रियांना हीन लेखणारं ठरवलं. मीम जाहिरातीच्या फलकावर आणि मग नियमांच्या चौकटीत पोहोचलं, की ज्यांची ती खूण होती ते कधीच पुढे गेलेले असतात.

त्यामुळे मीम ‘मेलं’ हे वाक्य मीमबद्दल कमी आणि बोलणाऱ्याच्या गटाबद्दल जास्त सांगतं. त्याचा अर्थ असतो: आमच्यात आता हे आपल्यातला कोण ते सांगत नाही. दुसऱ्या गटात त्याच दिवशी ते ऐन भरात असू शकतं. हार्लेम शेकचं हे अगदी ठळक दिसतं. फेब्रुवारी 2013 च्या मध्याला सकाळच्या टीव्ही कार्यक्रमांतले निवेदक तो नाच करायला लागले, तेव्हाच इंटरनेटवर तो संपल्याची घोषणा झाली होती. आणि नेमकं त्याच महिन्यात बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाने लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीत यूट्यूबवरचे व्ह्यूजही मोजायला सुरुवात केली. गाणं थेट पहिल्या क्रमांकावर आलं आणि पाच आठवडे तिथे राहिलं. एका गटाने मेलं म्हटलेलं मीम आकड्यांत त्यानंतर महिनाभर अमेरिकेतलं पहिल्या क्रमांकाचं गाणं होतं. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं; एक जण खूण मोजत होता, दुसरा व्ह्यूज.

एखाद्या गटात मीम मरायला आलंय हे कसं ओळखायचं? मला सगळ्यात भरवशाची वाटते ती एकच खूण: मीमचा विषयच ते मीम होतं. त्या तरुणाच्या चित्रात तरुणावर ‘मीम बनवणारे’, जाणारीवर ‘नवा फॉरमॅट’ आणि मैत्रिणीवर ‘हाच फॉरमॅट’ असं लिहिलेलं दिसायला लागलं की समजावं, भरायला बाहेरचं काही सुचेनासं झालंय. त्यानंतर बऱ्याचदा एक विकृतीचा टप्पा येतो: चित्र मुद्दाम खराब केलेलं, रंग भडक, अक्षरं वितळलेली, अर्थ जवळजवळ नाहीच. तिथे गंमत अशी असते की हे आता मेलंय हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. तो शेवटचा आतल्यांचा खेळ.

याच खेळातून मेलेली मीम्स परतही येतात. ट्रोलफेस, म्हणजे तो दात विचकून हसणारा कुत्सित चेहरा, 2008 मध्ये कार्लोस रामिरेझ नावाच्या अमेरिकी विद्यार्थ्याने संगणकावरच्या साध्या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये काढला. त्याच्यासारख्या चेहऱ्यांच्या व्यंगपट्ट्या काही वर्षं सगळीकडे होत्या. मग त्या इतक्या ओसरल्या की ट्रोलफेस वापरणं म्हणजे मागासलेपणाचं लक्षण झालं. 2020 च्या आसपास तो परत आला, पण खोडकर म्हणून नाही, भयकथेतलं भूत म्हणून: अंधारे व्हिडिओ, हळू गूढ संगीत आणि शेवटी तो चेहरा. जुन्या चेहऱ्याबरोबर जुनी मजा आली नाही. तो जुना आहे, कधी तरी सगळे त्याला हसले होते आणि आता कुणी हसत नाही, हेच त्यातलं भय होतं. एवढा काळ मेलेला नसता तर त्याला तो अर्थ आलाच नसता.

गेल्या आठवड्यात भाच्याने मला असाच एक ट्रोलफेस पाठवला. मी लिहिलं, ‘अरे, हा तर तुझ्याहून जुना आहे.’

‘हो ना मामा,’ त्याने लिहिलं, ‘म्हणून तर चालतो.’